अनसबस्क्राइबची लिंक खरी की खोटी: बोट लावण्याआधी काय बघायचं

मावशीने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "अरे, मी रोज काढून टाकते रे यांना, तरी रोज नवीन येतात." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की फोन हातात घ्यायच्या आधीच पुढचं साधारण कळतं. जाहिरातीच्या मेलखाली बारीक अक्षरात जे अनसबस्क्राइब लिहिलेलं असतं, ते मेल बंद करण्यासाठी असतं. पण काही मेलमध्ये नेमकं त्यालाच बोट लावल्यामुळे मेल वाढतात.

लक्षणं

खालीलपैकी काही होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- अनसबस्क्राइब केल्यावर त्या नावाने येणारे मेल थांबले, पण तसलेच मेल दुसऱ्या-तिसऱ्या नावांनी सुरू झाले.
- लिंक दाबल्यावर उघडलेल्या पानाने पासवर्ड, फोन नंबर किंवा ओटीपी मागितला, किंवा "तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करायला Allow दाबा" असं सांगितलं.
- ज्यांचं नावही कधी ऐकलं नाही असे लोक "तुम्ही आमचे सदस्य आहात म्हणून हा मेल" असं लिहून पाठवतायत.
- अनसबस्क्राइब करून दोन-तीन दिवस झाले तरी त्याच पत्त्यावरून मेल येतोय.

यातलं शेवटचं लक्षण बहुतेक वेळा खोटं निघतं. खऱ्या कंपनीलाही नाव यादीतून काढायला थोडा वेळ लागतो, आणि आधीच रांगेत लागलेले मेल सुटून जातात. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना जीमेल आणि याहू यांनी २०२४मध्ये अट घातली की अनसबस्क्राइबची विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे. अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्यात ही मुदत कामकाजाचे दहा दिवस आहे. त्यामुळे लगेच परत परत तीच लिंक दाबत बसू नका. तारीख लिहून ठेवा आणि दोन आठवडे जाऊ द्या. त्यानंतरही मेल आला तर तो पाठवणारा ऐकणारा नाही असं समजा आणि थेट खाली दिलेल्या, लिंक न वापरता मेल बंद करायच्या रस्त्यांकडे जा.

बाकीच्या तीन लक्षणांमागे एकच कारण असतं. मेलच्या तळाशी असलेली लिंक पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेली असते. तिच्यावर "अनसबस्क्राइब" ही अक्षरं आहेत एवढंच, आत कुठलाही पत्ता घालता येतो. शिवाय त्या पत्त्यात बहुतेक वेळा फक्त तुमच्यासाठी बनवलेला एक खुणेचा क्रमांक असतो. लिंक उघडली की तो क्रमांक पाठवणाऱ्याकडे पोचतो आणि त्याला कळतं की हा पत्ता चालू आहे, इथे माणूस मेल उघडतो, खालपर्यंत वाचतो, वर लिंकही दाबतो. खऱ्या दुकानदाराला यातून काही नवीन मिळत नाही, कारण तुम्ही त्याचे ग्राहक असता. लाखभर पत्त्यांवर अंदाजाने मेल फेकणाऱ्याला मात्र यातून विकण्याजोगा एक पक्का पत्ता मिळतो.

अनेकांना वाटतं की लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडली तर काही कळणार नाही. तसं होत नाही. खूण लिंकमध्येच असते, खिडकी कुठलीही असो.

आता तपासण्या. सोप्यापासून अवघडाकडे या क्रमाने लिहिल्यात, आणि बहुतेक मेलांचा निकाल पहिल्या तिघींतच लागतो.

पहिली: यांना पत्ता मी दिला होता का?

याला अर्धा मिनिट लागतो आणि मेल उघडावाही लागत नाही. मेलच्या शोधपट्टीत पाठवणाऱ्याचं नाव टाका आणि जुने मेल बघा. खऱ्या संबंधाचा मागमूस राहतो: खातं उघडल्याचा मेल, पावती, ऑर्डर निघाल्याची खबर, पासवर्ड बदलल्याची सूचना. यातलं काही सापडलं तर त्यांच्याकडे तुमचा पत्ता आधीपासून आहे, म्हणजे अनसबस्क्राइब करण्यात नवीन काही गमवायचं नाही. निव्वळ जाहिरातीच सापडल्या, आणि त्याही गेल्या महिनाभरातल्याच, तर संशय घ्या.

मेल कुठल्या पत्त्यावर आलाय हेही बघा. घरात दोन-तीन पत्ते असतील आणि ज्या पत्त्यावरून तुम्ही कधीच खरेदी करत नाही त्यावर "प्रिय ग्राहक" आलं, तर तुम्ही त्यांचे ग्राहक नाही.

मागमूस अजिबात नसेल तर पुढच्या तपासण्या करायचीही गरज नाही. स्पॅम म्हणून कळवा आणि सोडून द्या. ही पायरी लोक सगळ्यात जास्त वेळा गाळतात, कारण लिंक खरी की खोटी हे शोधण्यात मजा वाटते. पण ज्याला पत्ता दिलाच नाही, त्याची लिंक तांत्रिकदृष्ट्या खरी असली तरी दाबून आपला काय फायदा?

दुसरी: नाव सोडा, पत्ता वाचा

फोनवर मेल उघडला की वर ठळक अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. ते नाव पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेलं असतं, तिथे कोणीही काहीही लिहू शकतो. नावाजवळचा छोटा बाण किंवा नावच दाबलं की खरा पत्ता उघडतो. त्यात @ नंतरचा भाग वाचायचा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा.

मावशीच्या फोनवर एकाच सकाळी एकाच चपलांच्या सेलचे दोन मेल होते. नाव दोन्हीकडे तंतोतंत सारखं. पत्ते असे होते (खरी नावं बदलली आहेत):

```
offers@mail.dukan.example
offers@dukan.club-rewards.example
```

दोन्हीत "dukan" आहे, म्हणून मावशीला दोन्ही एकाच दुकानाचे वाटले. पण मालकी ठरते ती शेवटच्या दोन तुकड्यांवरून. पहिला पत्ता `dukan.example` या मालकाचा आहे आणि `mail` हा त्याने जाहिरातींसाठी केलेला कप्पा आहे. दुसऱ्याचा मालक `club-rewards.example` आहे. त्याने आपल्या घरातल्या एका खोलीला "dukan" नाव दिलंय, आणि तसं नाव द्यायला दुकानाची परवानगी लागत नाही. काही देशांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, जसं `.co.in` किंवा `.co.uk`. तिथे तीन तुकडे मोजायचे.

अक्षरांच्या फसवणुकीही इथेच पकडता येतात. `rn` जवळजवळ लिहिलं की `m` दिसतं, आणि `l`च्या जागी `1` बसतो. फोनच्या बारीक अक्षरात हे सुटतं. पत्ता कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा, अक्षर मोठं करा, आणि मग वाचा.

तिसरी: मेल ॲपचं स्वतःचं बटण आहे का?

माझ्या मते ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. जीमेलमध्ये बऱ्याच जाहिरातींच्या मेलवर सगळ्यात वर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ, `Unsubscribe` दिसतं. फोनवर कधी ते तीन ठिपक्यांच्या यादीत असतं. ॲपलच्या मेल ॲपमध्ये मेलच्या डोक्यावर एक पट्टी येते आणि तिच्यात हेच बटण असतं. ही बटणं मेलच्या मजकुरात नसतात, ॲप ती स्वतः दाखवतं.

ती येतात कुठून? प्रत्येक मेलसोबत आपल्याला न दिसणारा एक मथळ्याचा भाग येतो. त्यात पाठवणारा अशा ओळी घालू शकतो:

```
List-Unsubscribe: <https://mail.dukan.example/u/8f31c>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

पहिली ओळ १९९८पासूनच्या मानकातली आहे, दुसरी २०१७ची. दोन्ही असतील तर तुम्ही वरचं बटण दाबल्यावर ॲप एकदा विचारतं, "यादीतून काढायचं का?", आणि हो म्हटलं की मेल सेवा स्वतः पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला निरोप देते. तुमचा ब्राउझर उघडत नाही, त्यामुळे कुठलं पान दिसत नाही, कोणी पासवर्ड मागू शकत नाही आणि काही डाउनलोडही होत नाही. खोट्या लिंकमध्ये जे जे धोक्याचं असतं ते पानावर गेल्यानंतर घडतं, आणि इथे आपण पानावर जातच नाही.

दुसरी ओळ का लागली याची गोष्ट मला आवडते. कंपन्यांची सुरक्षा सॉफ्टवेअरं मेलमधल्या लिंका तपासायला आधीच उघडून बघतात. नुसती लिंक उघडल्यावर नाव कापलं जात असेल तर माणसाने मेल वाचायच्या आधीच यंत्र त्याला यादीतून काढून टाकायचं. म्हणून नवीन पद्धतीत नुसतं उघडणं पुरत नाही, वेगळ्या प्रकारचा निरोप जावा लागतो. त्याच कारणाने चांगल्या कंपन्यांच्या अनसबस्क्राइबच्या पानावर "नक्की काढू का?" असं आणखी एक बटण असतं. ते बटण दिसलं म्हणून घाबरू नका.

दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांना २०२४पासून जाहिरातीच्या मेलमध्ये ही एका टिचकीची सोय देणं भाग आहे. म्हणून मोठ्या नावाने आलेल्या जाहिरातीवर वरचं बटण नसेल तर मी सावध होतो. छोट्या संस्थेच्या मासिक पत्रात ते नसणं मात्र साधं आहे, त्यावरून काही ठरवू नका.

दोन मर्यादा आहेत. बटण दिसतं म्हणजे पाठवणारा सज्जन असं नाही, त्या ओळी कोणीही लिहू शकतो. पहिल्या तपासणीत नापास झालेल्यावर हे बटणही वापरू नका. दुसरं म्हणजे, कधी बटण दाबल्यावर ॲप "Go to website" असं विचारतं. त्याचा अर्थ एका टिचकीची सोय इथे नाही आणि तुम्हाला पाठवणाऱ्याच्या पानावरच जावं लागेल. तिथे थांबा आणि पुढची तपासणी करा. काही वेळा ॲप तुमच्या नावाने एक मेल पाठवून नाव काढायला सांगतं. खऱ्या यादीसाठी हे चालतं, अनोळख्याला मात्र त्यातून तुमचा पत्ता पक्का झाल्याची पावती मिळते.

चौथी: लिंक न उघडता वाचणं

संगणकावर माउसचा बाण लिंकवर नुसता ठेवला, दाबला नाही, की खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरलं की पत्ता आणि पर्यायांची यादी येते. आयफोनवर एक मेख आहे. दाबून धरल्यावर तो पानाची झलक दाखवतो, आणि झलक दाखवायची म्हणजे पान आणावंच लागतं. म्हणजे लिंक उघडल्यासारखंच झालं. झलकेच्या वर "Hide preview" असतं, ते एकदा दाबून ठेवा. त्यानंतर नुसता पत्ता दिसतो. हे एखाद्या ओळखीच्या, निर्धोक लिंकवर आधी करून घ्या. संशयी मेलवर पहिला प्रयोग नको.

पत्ता वाचताना `https://` नंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचाच भाग घ्या आणि तो परत उजवीकडून वाचा. तिरक्या रेघेनंतर कितीही ओळखीची नावं असली तरी त्यांना किंमत नाही. त्या भागात @ असेल तर त्याच्या डावीकडचं सगळं फसवं आहे, कारण ब्राउझर @ नंतरच्या पत्त्यावर जातो.

इथे खरा गोंधळ होतो तो असा. मावशीच्या पहिल्या, म्हणजे खऱ्या, मेलमधल्या अनसबस्क्राइबच्या लिंकमध्येही दुकानाचं नाव नव्हतं, भलताच पत्ता होता. ती म्हणाली, "बघ, हाही खोटाच." तो खोटा नव्हता. बहुतेक दुकानं स्वतः मेल पाठवत नाहीत, मेल पाठवणारी एखादी सेवा भाड्याने घेतात आणि लिंका त्या सेवेच्या पत्त्यावरून फिरून जातात. मेलचिंपच्या लिंकांत `list-manage.com` दिसतं, सेंडग्रिडच्या लिंकांत `sendgrid.net`. म्हणून "दुकानाचं नाव नाही, म्हणजे खोटी" हा नियम लावला तर अर्ध्या खऱ्या लिंका बाद होतील. उलटंही खरं आहे. या सेवांचं खातं भुरट्यांनाही काढता येतं किंवा चोरता येतं, म्हणून "ओळखीच्या सेवेची लिंक, म्हणजे खरी" हाही नियम चालत नाही.

मग या तपासणीचा उपयोग काय? खोटेपणा पकडायला ती चांगली आहे, खरेपणा सिद्ध करायला नाही. मी तीन गोष्टी बघतो. त्याच मेलमधल्या इतर लिंका, म्हणजे "खरेदी करा" वगैरे, त्याच पत्त्यावरून फिरतायत का? खऱ्या मेलमध्ये बहुधा फिरतात. लिंक आखूड करणाऱ्या सेवेची आहे का? अनसबस्क्राइबची लिंक आखूड करायची खऱ्या कंपनीला गरज पडत नाही. आणि सगळा मेल म्हणजे एकच मोठं चित्र आहे का, ज्यात "Unsubscribe" हेही चित्रातच रंगवलंय? मावशीच्या दुसऱ्या मेलमध्ये तसंच होतं. "आता खरेदी करा"वर बोट धरलं, चपलेच्या फोटोवर धरलं, "Unsubscribe"वर धरलं, तिन्हीकडे एकच पत्ता. बाहेर पडायचं दार म्हणून जे दाखवलं होतं ते आत जायचंच दार होतं. पुढे तपासायला काही उरलं नाही.

पाचवी: मथळा उघडून शिक्का बघणं

ही तपासणी संगणकावर करा, फोनवर जीव मेटाकुटीला येतो. जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत `Show original` आहे. उघडणाऱ्या पानावर वरच एक छोटा तक्ता असतो:

```
SPF:   PASS
DKIM:  'PASS' with domain mail.dukan.example
DMARC: 'PASS'
```

मधली ओळ महत्त्वाची. डीकिम हा लाखेच्या शिक्क्यासारखा प्रकार आहे: ज्या पत्त्याचा शिक्का आहे त्याच्या मालकाच्या संमतीने हा मेल निघाला, आणि शिक्क्याखालचा मजकूर वाटेत बदलला नाही. `FAIL` असेल तर लिंकेला हात लावू नका.

`PASS` बघून मात्र लोक हुरळतात. मावशीच्या दुसऱ्या मेलवरही तिन्ही ठिकाणी `PASS` होतं. का नसावं? भुरट्याने `club-rewards.example` हे नाव रीतसर घेतलं आणि स्वतःचाच शिक्का मारला. शिक्का खरा, पण तो त्याचाच. म्हणून `PASS` या शब्दापेक्षा त्यापुढे लिहिलेला पत्ता वाचा आणि दुसऱ्या तपासणीतल्या मालकाशी ताडून बघा. तिथे फक्त मेल पाठवणाऱ्या सेवेचं नाव असेल, दुकानाचं नसेल, आणि डीमार्कपुढेही, म्हणजे दिसणारा पत्ता आणि पाठवणाऱ्याची खूण जुळते का या तपासणीपुढेही, `PASS` नसेल, तर मी लिंक दाबत नाही, दुकानाच्या साइटवर जाऊन मेल बंद करतो.

पान उघडलंच असेल तर

खऱ्या पानाला तुम्ही कोण ते आधीच माहीत असतं, कारण खूण लिंकमध्ये होती. त्यामुळे तिथे तुमचा पत्ता पूर्ण किंवा अर्धा झाकलेला दिसतो, एखादं बटण असतं, आणि फार तर "का जाताय?" असा प्रश्न असतो, जो टाळता येतो. काही पानं पत्ता परत टाइप करायला लावतात. ते गैरसोयीचं आहे, पण तेवढ्यावरून खोटं म्हणता येत नाही. पासवर्ड, जन्मतारीख, कार्ड, ओटीपी यातलं काहीही मागितलं तर पान बंद करा. अमेरिकेच्या त्या कायद्यातही नाव काढण्यासाठी मेलचा पत्ता आणि पसंती यापलीकडे माहिती मागायला किंवा पैसे घ्यायला मनाई आहे. Allow दाबायला सांगणारं पान तुमच्या नोटिफिकेशनच्या जागेवर जाहिराती टाकायची परवानगी मागत असतं. ते आधीच दाबलं असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन ती साइट काढून टाका.

नुसतं पान उघडून बंद केलं असेल, काही भरलं नसेल, काही डाउनलोड केलं नसेल, तर घाबरायचं कारण सहसा नाही. पत्ता चालू असल्याचं त्यांना कळलं, एवढंच.

लिंक न वापरता मेल बंद करायचे रस्ते

ओळखीच्या दुकानासाठी सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे मेल बाजूला ठेवून दुकानाचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करणं किंवा त्यांचं ॲप उघडणं, आणि खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातीच्या मेलची खूण काढणं. तिथे पावत्या आणि जाहिराती वेगवेगळ्या असतात, त्यामुळे पावत्या चालू राहतात. जीमेलने २०२५मध्ये `Manage subscriptions` नावाची यादीही दिली आहे. डावीकडच्या मेनूत कोण किती मेल पाठवतं ते दिसतं आणि तिथूनच नाव काढता येतं.

अनोळख्यासाठी `Report spam`. कधी ते दाबल्यावर "Report spam & unsubscribe" असाही पर्याय येतो. अनोळख्यासाठी त्यातला नुसता स्पॅमचा पर्याय घ्या. पण ज्या दुकानातून तुम्ही खरेदी करता त्याला रागाच्या भरात स्पॅम म्हणू नका. पुढे त्याची पावती आणि पार्सलची खबरही स्पॅममध्ये जाऊन पडते आणि आपण दार उघडून वाट बघत बसतो.

ब्लॉक हा पर्याय एका पत्त्यापुरता असतो. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्याचे मेल परत जात नाहीत, स्पॅममध्ये जातात. रोज पत्ता बदलणाऱ्यावर त्याचा उपयोग नाही. तिथे फिल्टर चांगला, पण पत्त्यावर लावण्यापेक्षा प्रत्येक मेलमध्ये जसाच्या तसा येणाऱ्या एखाद्या वाक्यावर लावा. मावशीकडे तळाशी कायम येणारं एक लांबलचक वाक्य सापडलं, त्यावर लावला. "unsubscribe" या शब्दावरच फिल्टर लावायचा मोह होतो. लावा, पण `Delete it` निवडू नका. बँका, शाळा, विमा यांच्या कामाच्या मेलखालीही तो शब्द असतो. `Skip the Inbox` आणि एक लेबल द्या, दोन आठवडे ते लेबल चाळा, आणि मग ठरवा.

पुढच्यासाठी एक: जीमेलमध्ये स्वतःच्या पत्त्यात @ च्या आधी `+` आणि एखादा शब्द घालता येतो, जसं `naav+chappal@gmail.com`. मेल तुमच्याकडेच येतो. उद्या त्याच पत्त्यावर भलत्याच कोणाचा मेल आला तर पत्ता कुठून फुटला ते कळतं. काही साइट `+` घेत नाहीत, हुशार भुरटे तो काढूनही टाकतात, तरी बऱ्याच वेळा उपयोग होतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पासवर्ड भरून झाला असेल तर आधी दुसऱ्या यंत्रावरून तो बदला, जिथे जिथे तोच वापरलाय तिथेही बदला. कार्ड किंवा ओटीपी दिला असेल तर मेलशी खेळत बसू नका. बँकेला फोन करा, आणि नंबर कार्डाच्या मागचा घ्या, मेलमधला नको. त्या पानावरून ॲप किंवा फाइल उघडली असेल तर फोन इंटरनेटपासून तोडा आणि दुरुस्ती जाणणाऱ्याकडे न्या. ऑफिसच्या पत्त्यावरचा संशयी मेल असेल तर पहिल्या तपासणीनंतरच आयटी विभागाला कळवा, बाकीच्या तपासण्या त्यांचं काम आहे.

आणि एक प्रकार असा आहे ज्यात सगळ्या लिंका खऱ्या असतात, तरी एकही दाबायची नाही. ओळखीतल्या एकाचा फोन आला की तासाभरात चारशेच्या वर मेल आलेत, सगळे "सदस्य झाल्याबद्दल धन्यवाद" म्हणणारे, वेगवेगळ्या भाषांतले. तो एकेक करून अनसबस्क्राइब करत बसला होता. कोणीतरी यंत्राकरवी त्याचा पत्ता शेकडो खऱ्या यादींत भरला होता. हे करतात ते एखादा महत्त्वाचा मेल त्या ढिगात गाडला जावा म्हणून. त्याला म्हटलं, काढणं थांबव, आणि शोधपट्टीत बँकेचं नाव, "order", "password", "OTP" टाकून बघ. तिसऱ्या शोधात सापडला: त्याच्या खरेदीच्या खात्याचा पासवर्ड वीस मिनिटांपूर्वी बदलल्याची सूचना. त्याने त्या दुकानाला आणि बँकेला फोन लावला. चारशे मेल तसेच पडून राहिले, ते आम्ही दुसऱ्या दिवशी फिल्टर लावून एकदम उडवले.